स्वयंपाकघरातली इंग्रजी परीक्षा

आमच्या घरात बंद होणारं दार असलेली खोली एकच होती आणि ती अप्पांची होती. बाकी सगळीकडे पडदे. कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, शिवाजीनगरच्या बाजारामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, आम्ही दोघंच राहायचो, मी आणि माझे वडील. दोन माणसांना किती दारं लागणार? पण परीक्षेच्या नियमांत पहिलीच ओळ होती की खोलीला दार हवं, ते बंद हवं, आणि परीक्षा संपेपर्यंत आत दुसरं कुणी येता कामा नये.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. उशिरा वाचायला लागणाऱ्या मुलांना कसं शिकवायचं, याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम परदेशातल्या एका विद्यापीठात होता. मी अर्ज केला. त्यांना माझं पत्र आवडलं, अनुभव आवडला, फक्त मला इंग्रजी येतं याचा पुरावा हवा होता. निम्मं आयुष्य त्या भाषेच्या वह्या तपासण्यात गेलं होतं, तरी पुरावा हवा होता. मला राग आला. मग मी परीक्षेला नाव नोंदवलं.

माझा थोरला भाऊ, अण्णा, होसकोटेच्या एका कारखान्यात मॅनेजर आहे आणि देवनहळ्ळीकडच्या नव्या लेआउटमध्ये राहतो. तो म्हणाला, या वयात कशाला? पोरं जातात परदेशात, मास्तरणी नाही जात. आणि अप्पांचं काय? मी म्हटलं, अजून परीक्षाही झाली नाही, अप्पांचं नंतर बघू. खरं म्हणजे अप्पांमुळेच मी केंद्रावर न जाता घरून परीक्षा द्यायचं ठरवलं होतं. अप्पांची आठवण विरत चालली होती. पूर्वी ते कापडाचे व्यापारी, कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला काठ आवडतो हे तोंडपाठ असलेले. आता दुपार कलली की घरातली माणसं त्यांना अनोळखी वाटायची आणि ते मला शोधत फिरायचे. परीक्षा घरी असली की मी भिंतीपलीकडे तरी असेन, असा माझा हिशेब. घरी म्हणजे घरी, असं मला वाटलं होतं.

तयारी संगणकापासून सुरू झाली. परीक्षा घेणाऱ्यांचा एक खास ब्राउझर उतरवून घ्यायचा होता, जो चालू असताना दुसरं काहीच उघडत नाही, आणि आधी एक तपासणी करायची होती: कॅमेरा, माईक, स्पीकर, इंटरनेटचा वेग. अण्णानं मोठ्या मनानं आपला ऑफिसचा लॅपटॉप आणून दिला. नवाकोरा, चकचकीत. तपासणी पहिल्याच पायरीवर अडली. ऑफिसच्या परवानगीशिवाय त्यात काहीही बसवता येत नव्हतं, आणि कंपनीच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हतं. अण्णा बराच वेळ खटपट करत राहिला. शेवटी मी माझा जुना लॅपटॉप काढला, ज्यावर मी प्रश्नपत्रिका टाइप करते. तो सगळ्या तपासण्यांतून पार झाला. फक्त त्याचा आवाज बारीक होता आणि हेडफोन लावायला सक्त मनाई, म्हणून मी तारेचे दोन छोटे स्पीकर आणले.

मग इंटरनेट. राउटर बाहेरच्या खोलीत होता आणि आमच्या भिंती जुन्या, जाड. अप्पांच्या खोलीत वायफायचा जीव जायचा. मी बाजारातून लांब केबल आणली आणि ती दाराखालच्या फटीतून थेट लॅपटॉपपर्यंत नेली. वीज गेली तर राउटर बंद पडू नये म्हणून त्याला छोटा यूपीएस जोडला. लॅपटॉपची बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण वापरून बघितली, परीक्षेपुरती टिकते की नाही.

खोलीचे नियम वाचताना मात्र मला हसूही आलं आणि चीडही. टेबल रिकामं. खाणं-पाणी नाही. आजूबाजूला पुस्तक, कागद, दुसरा स्क्रीन नाही. टिपणं काढायला साधा कागद चालणार नाही, हातात मावेल असा पांढरा फळा आणि पुसता येणारं पेन चालेल, आणि शेवटी तो फळा पुसून कॅमेऱ्यासमोर धरायचा. खाटेवर किंवा सोफ्यावर बसायचं नाही, खुर्चीवरच. कान दिसले पाहिजेत. दार कॅमेऱ्यात दिसलं पाहिजे, म्हणजे ते आपल्या पाठीमागे हवं. फोन हाताला लागणार नाही इतका दूर. हे नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक घर होतं. त्या घरात एक रिकामी खोली होती, आणि त्या खोलीच्या बाहेर कुणालाही कुणाची गरज नव्हती.

अप्पांची खाट भिंतीकडे सरकवली, आईचा फोटो आणि कॅलेंडरं उतरवली, तेव्हा अप्पा दारात उभे राहून बघत होते. कोण घर सोडून जातंय, असं त्यांनी दोनदा विचारलं.

परीक्षेच्या दिवशी अण्णानं रजा टाकून यायचं कबूल केलं होतं. तो निघाला आणि वाटेतच अडकला. त्यानं फोन करून सांगितलं की उशीर होईल. शेजारच्या अक्का, तमिळ बोलणाऱ्या, आमच्या आईच्या मैत्रीण, अप्पांजवळ बसायला आल्या. मी आत गेले आणि दार लोटून घेतलं. लोटून, कारण त्या दाराला कडीच नव्हती. अप्पा एकदा आतून कडी लावून बसले होते आणि उघडायची कशी ते विसरले होते, त्यानंतर मीच सुतार बोलावून कडी काढून टाकली होती.

स्क्रीनपलीकडून प्रॉक्टर आला. प्रॉक्टर म्हणजे कुठेतरी दूर बसून आपल्यावर नजर ठेवणारा पर्यवेक्षक. त्याचा चेहरा दिसत नाही. तो लिहून सूचना देतो आणि कधी बोलतो. पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. मग लॅपटॉप उचलून चारी भिंती, छत, जमीन, टेबलाखालची जागा दाखवायला लावली. हातात आरसा धरून माझाच स्क्रीन आणि त्याच्या कडा दाखवायला सांगितल्या, तिथं काही चिकटवलेलं आहे का बघायला. केस मागे घ्यायला लावून दोन्ही कान बघितले, बाह्या वर करायला लावल्या, घड्याळ काढायला लावलं. वर्गात मी मुलांचे खिसे तपासते तेव्हा त्यांना कसं वाटत असेल, ते त्या दिवशी कळलं. मग परीक्षा सुरू झाली.

वाचनाचा भाग चांगला गेला. ऐकण्याचाही. बोलण्याच्या भागात प्रश्न आला, तयारीचे थोडे क्षण मिळाले आणि मी बोलायला लागले. बाहेर गॅसचा सिलेंडरवाला आला होता आणि अक्का दार उघडायला उठल्या होत्या, हे मला नंतर समजलं. पाठीमागे दार करकरलं. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या माझ्याच छोट्या चित्रात मला अप्पा आत येताना दिसले. मी बोलत राहिले. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“कुणाशी बोलतेस गं?” त्यांनी विचारलं. “जेवलीस का?”

मी त्यांना नजरेनं थोपवायचा प्रयत्न केला, पण त्यांची नजर माझ्याकडे नव्हतीच, ती खाटेकडे होती. दुपारची त्यांची झोपायची वेळ झाली होती. स्क्रीनवर शब्द उमटले की खोलीत दुसरी व्यक्ती आहे. मी इंग्रजीत म्हणाले की हे माझे वडील आहेत, आजारी आहेत, लगेच बाहेर नेते. उत्तर आलं की सत्र संपवण्यात येत आहे. पडदा कोरा झाला. अप्पा खाटेवर आडवे झाले आणि अर्ध्या कानडीत मला म्हणाले, स्वल्प, जरा, दिवा मालव.

काही दिवसांनी ईमेल आली. खोलीत अनधिकृत व्यक्ती आढळली, परीक्षार्थीचं तिच्याशी संभाषण झालं, बाहेरची मदत मिळाल्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून गुण दिले जाणार नाहीत. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. बाहेरची मदत. ज्या माणसाला माझं नाव आठवायला सकाळ लागते, त्यानं मला इंग्रजीत मदत केली.

अण्णा त्या रविवारी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो खजील झाला होता, आणि माणूस खजील झाला की सल्ले देतो. म्हणाला, पुढच्या वेळी बाहेरच्या खोलीला दार बसव, अप्पांना तिथे ठेव आणि बाहेरून कडी घाल. दोन-तीन तासांचाच तर प्रश्न आहे. नाहीतर डॉक्टरांनी रात्रीसाठी दिलेली झोपेची गोळी दुपारी दे.

“अप्पांना कोंडणार नाही,” मी म्हणाले. “आणि गोळीही देणार नाही.”

“मग परीक्षा सोड.”

“तीही सोडणार नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी मी त्याच्या सायकलवरून उतरायला नकार द्यायचे तेव्हाही तो असाच बघायचा.

परीक्षा घेणाऱ्यांना मी उत्तर लिहिलं. दया मागितली नाही. अप्पांच्या डॉक्टरांचा कागद जोडला आणि लिहिलं की तुमच्या नियमाप्रमाणे परीक्षा थांबवली, ते मला मान्य आहे. मदतीचा संशय मात्र मला मान्य नाही, तो तुम्ही मागे घ्यावा. तुमच्याकडे ध्वनिचित्रण आहे, माझ्या वडिलांनी काय विचारलं ते कुठल्याही मराठी माणसाकडून समजून घ्या. त्यांनी मी जेवले का, एवढंच विचारलं आहे. पत्रात एकही व्याकरणाची चूक राहणार नाही, याची मी फार काळजी घेतली. उत्तर यायला वेळ लागला. निर्णय बदलणार नाही, पण संशयाची नोंद काढून टाकली आहे आणि मी पुन्हा परीक्षा देऊ शकते. केंद्रावरची तारीख बघितली तर विद्यापीठाच्या मुदतीनंतरची मिळत होती. म्हणजे पुन्हा घरीच.

मी पुष्कळ विचार केला, आणि विचार करता करता एक साधी गोष्ट लक्षात आली. अप्पा माझ्या परीक्षेत घुसले नव्हते. मी त्यांच्या खोलीत घुसले होते. ते रोजच्या वेळी आपल्या खाटेकडे आले होते. तेव्हा त्यांना कुठे ठेवायचं हा प्रश्नच चुकीचा होता. मला कुठे ठेवायचं, ते बघायला हवं होतं.

उरलं स्वयंपाकघर. त्याला दार होतं, पण ते फुगून वर्षानुवर्षं भिंतीला टेकून उघडंच राहिलं होतं, आणि त्याच्या मागे झाडू, पिशव्या, रद्दी अडकली होती. मी सुतार आणला, दार रंधून घेतलं आणि आतून नवी कडी बसवली. अण्णाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, लोक परीक्षेला देवघरासारखी जागा शोधतात, तू चुलीपाशी बसणार? मी म्हटलं, या घरात माझ्या नावाची खोली म्हणशील तर तीच आहे.

नियम मी पुन्हा नीट वाचले. स्वयंपाकघर नको असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. डबे फडताळात घालून वर चादर बांधली. भिंतीवरचं गॅसवाल्याचं स्टिकर खरवडून काढलं. फ्रिजची घरघर माईकमध्ये येत होती, म्हणून रेकॉर्डिंग करून बघितलं आणि फ्रिज बंद ठेवायचं ठरवलं. त्यातलं दूध-भाजी अक्कांकडे गेलं. केबल आणखी लांब आणली. खिडकीतून ऊन तोंडावर येऊन चेहरा पांढराफटक दिसत होता, तिथे जुनं लुगडं लावलं. टेबल ओट्याला समांतर ठेवलं, म्हणजे दार बरोबर माझ्या पाठीमागे आणि कॅमेऱ्यात पूर्ण दिसणारं. परीक्षेच्याच वेळी, परीक्षेच्याच जागी बसून सगळी तपासणी पुन्हा केली. शिवाय बाकीच्या वेळी शेजारच्या घरांतून कुणी सिनेमा वगैरे लावला तर वेग किती उतरतो, तेही बघून ठेवलं.

या वेळी अण्णा आदल्या संध्याकाळीच आला. दुसऱ्या दिवशी अक्का टोपलीभर अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, घेऊन आल्या. थंडीचे दिवस होते आणि सगळ्या बाजारात त्या शेंगांचा वास भरला होता. त्यांनी टोपली अप्पांपुढे ठेवली. अप्पांना माणसं आठवत नसली तरी शेंग सोलणं त्यांच्या बोटांना आठवत होतं. अण्णा त्यांच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. कारखान्यात दहा जणांना हुकूम देणारा माझा भाऊ शेंगा सोलायला लागला, आणि अप्पा त्याला सांगायला लागले, असं नव्हे, शिरेवर दाब.

मी आत गेले आणि कडी लावली.

या वेळची प्रॉक्टर बाई होती. पासपोर्ट, भिंती, छत, ओट्याखालची जागा, आरसा, कान, बाह्या, सगळं झालं. चादरीमागे काय आहे, असं तिनं विचारलं. मी चादर सोडून फडताळ उघडून दाखवलं. डाळी, पोहे, तिखट. ती म्हणाली की ठीक आहे, बंद करा. मग तिनं काही विचारायच्या आधी मीच सांगितलं की घरात माझे आजारी वडील आहेत, भाऊ त्यांच्याजवळ आहे, दाराला आतून कडी आहे, पण ते दार वाजवू शकतात. ती म्हणाली की कुणी आत येता कामा नये आणि तुम्ही कुणाशी बोलता कामा नये, एवढं पाळा. मी म्हटलं, पाळीन.

ऐकण्याच्या भागात मध्येच पंखा थांबला. वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, यूपीएस बाहेर पीं-पीं करायला लागला, आणि तरीही जोडणी तुटली. बहुतेक गल्लीतल्या इंटरनेट कंपनीच्या डब्यातलीच वीज गेली असावी, तिथे माझा यूपीएस काय करणार? स्क्रीनवर जोडणी शोधत असल्याची सूचना फिरत राहिली. उठून राउटर बघावा असं पायांना वाटत होतं. पण खुर्ची सोडली तर संपलं. फोन दूर चुलीपलीकडे पालथा होता, त्याला हात लावला तरी संपलं. मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिले, कॅमेरा चालू असेल नसेल, मी त्याच्याकडेच बघत होते. मनात म्हणत होते की आता काढ तुला काय चूक काढायची आहे ती.

जोडणी परत आली. प्रॉक्टर बाईनं पुन्हा खोली दाखवायला लावली, फळा दाखवायला लावला, आणि जिथे तुटलं होतं तिथून परीक्षा पुढे चालू झाली.

बोलण्याच्या भागात प्रश्न आला की काम एकट्यानं करावं की इतरांबरोबर. मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी पाठीमागे दार वाजलं.

“कोण गं आत?” अप्पांचा आवाज. “कुणी कोंडलं हिला?”

प्रत्येक दिवशी या हाकेला मी ओ देत आले होते. घशाशी शब्द आला होता. मी तो गिळला आणि मागच्या बाकापर्यंत पोचणारा, वर्गातला माझा आवाज काढला. इंग्रजीत म्हणाले की मला इतरांबरोबर काम करायला आवडतं, कारण एकट्या माणसाचं काम म्हणून जे दिसतं, त्याच्यामागे नेहमी कुणीतरी दुसऱ्याच्या वाटणीचं काम करत असतं. दाराबाहेर अण्णा काहीतरी बोलत होता. त्याचा आवाज हळू आणि शांत होता, मी तो कधी तसा ऐकला नव्हता. थापा थांबल्या. मी वेळ संपेपर्यंत बोलत राहिले.

लेखनाचा भाग झाला, फळा पुसून दाखवला, पडदा बंद झाला. कडी काढून बाहेर आले तर अप्पा आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर झोपलेले होते. पातेलं दाण्यांनी भरलं होतं. अण्णाला मी विचारलं, त्यांना काय सांगितलंस?

“खरं तेच,” तो म्हणाला. “कुणी कोंडलं नाही, तिनंच कडी लावलीय, आणि काम झालं की तीच उघडेल. त्यांना पटलं.”

निकाल यायला काही दिवस लागले. बोलण्यात बाकीच्या भागांपेक्षा थोडे कमी गुण होते, बहुधा त्या थापांमुळे, पण विद्यापीठाला हवे होते त्याहून जास्त. मी निकाल अण्णाला दाखवला. त्यानं तो शेवटपर्यंत वाचला आणि ज्याची मी वाट बघत होते तेच विचारलं.

“आणि अप्पा?”

“अप्पा तुझेही आहेत,” मी म्हणाले.

त्यावर तो चिडला. मुलांच्या शाळा, होसकोटेला जायचा रस्ता, नवं घर, सगळं सांगून झालं. वैनी मध्ये पडली नाही. मी एकेक ऐकून घेतलं आणि एकालाही नाही म्हटलं नाही. शेवटी एवढंच म्हटलं की हे सगळं खरं आहे, आणि माझंही सगळं इतकी वर्षं खरंच होतं. तो दोन आठवडे बोलला नाही. मग एके दिवशी फोन करून विचारलं की अप्पांच्या खाटेची लांबी किती, देवनहळ्ळीच्या घरात खालची खोली आहे, तिथे मावते का बघायचंय. मी म्हटलं, सरी, बरं, मोजून सांगते.

अप्पा अण्णाकडे गेले, मी इथे विद्यापीठात आले, आणि पहिल्या महिन्यात त्याचे रोज फोन यायचे. अप्पा दुपारी उठून फाटकाशी जातात, काय करू? मी सांगितलं. आंघोळीला नाही म्हणतात, काय करू? तेही सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं की सारखं तुझंच नाव घेतात, काय सांगू? तेव्हा मात्र मी म्हटलं की ते तूच ठरव अण्णा, माझा तास सुरू होतोय. फोन ठेवला आणि वर्गात गेले.